मुलांच्या खोकल्यावर मध: कोणाला, किती, आणि तान्ह्या बाळाला का नाही

सर्दीबरोबर आलेल्या खोकल्यावर मध द्यायचा असेल तर आधी मुलाची जन्मतारीख बघा. पहिला वाढदिवस झालेला नसेल तर मध द्यायचा नाही. चमचाभर नाही आणि बोटाच्या टोकावरचा थेंबही नाही. वाढदिवस होऊन गेला असेल तर तो देता येतो, फक्त मोजून आणि योग्य वेळी.

या मर्यादेत ‘जवळपास’ चालत नाही. अकरा महिन्यांचे बाळ अंगाने भरलेले, रांगणारे, चार दातांचे असले तरी त्याचे आतडे अकरा महिन्यांचेच असते. मध ज्यात घातला आहे असे पदार्थही याच नियमात येतात: मध घातलेली बिस्किटे, बाळाचे तयार खाणे, मध असलेले खोकल्याचे औषध, मधात बुडवलेली चोखणी. वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. मध बहुधा यादीच्या मधोमध बारीक अक्षरात असतो, म्हणून शेवटपर्यंत वाचावी लागते.

हा खोकला मधाचा आहे का?

मध उपयोगी पडतो तो साध्या सर्दीच्या खोकल्याला. नाक वाहते आहे, घसा खवखवतो आहे, दिवसा मूल खेळते आहे, पण आडवे झाले की खोकल्याची उबळ येते, असे चित्र असावे. न्यूमोनिया, दमा किंवा डांग्या खोकला मधाने बरा होत नाही. तिथे मधाच्या भरवशावर राहण्यात वेळ जातो, आणि नुकसान या वाया गेलेल्या वेळेमुळे होते.

म्हणून बाटली उघडण्याआधी मिनिटभर श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेले असताना कपडे वर करून पोट व छाती दिसेल असे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास दिसले तर तो जलद श्वास समजतात. दोन ते बारा महिन्यांच्या बाळात ही सीमा ५० आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० आहे. रडताना मोजलेला आकडा धरू नये, ताप असला तरी आकडा थोडा वर जातो. शंका आली तर मूल शांत झाल्यावर पुन्हा मोजा.

श्वास जलद निघाला, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल पाणीही पीत नसेल किंवा ग्लानीत असेल, तर मध बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. सर्दी नसताना, खेळता-खाताना अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकलाही वेगळाच समजायचा. शेंगदाणा किंवा खेळण्याचा तुकडा श्वासनलिकेत गेलेला असू शकतो, आणि अशा मुलाला वरून काहीही भरवणे चूक ठरते.

माप

एक ते पाच वर्षांच्या मुलाला एका वेळी अडीच मिलिलिटर, म्हणजे अर्धा लहान चमचा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला पाच मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा. बारा वर्षांपुढे दहा मिलिलिटरपर्यंत. मुलाला किती द्यायचा हे वजनावरून ठरवत नाहीत, कारण मध रक्तात जाऊन खोकला दाबत नाही. तो घशात आपले काम करतो, आणि अडीच वर्षांच्या मुलाचा घसा ओला करायला अडीच मिलिलिटर पुरेसे होतात.

इथे गोंधळ होतो तो चमच्याने. घरातले ‘लहान चमचे’ एका मापाचे नसतात. एकात तीन मिलिलिटर मावतात, दुसऱ्यात सहा. जेवायचा मोठा चमचा पंधरा मिलिलिटरच्या आसपास असतो, म्हणजे लहान मुलाच्या मापाच्या सहापट. म्हणून औषधाबरोबर मिळणारे खुणांचे झाकण किंवा सुई नसलेली पाच मिलिलिटरची सिरिंज वापरा. सिरिंजच्या टोकावर छोटे प्लास्टिकचे टोपण असेल तर ते आधी काढून फेका, ते मुलाच्या घशात अडकू शकते. मध घट्ट असल्याने सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात आणि माप कमी भरते. बाटली पाच मिनिटे कोमट पाण्यात उभी ठेवली की तो पातळ होतो आणि नीट ओढला जातो. दाणे धरलेला मधही असाच सैल होतो. दाणे धरणे म्हणजे खराब होणे नव्हे.

वजनाने मध जड असतो, अडीच मिलिलिटर म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. त्यातला चार-पंचमांश भाग साखर असतो, त्यामुळे एका वेळेत जवळपास तीन ग्रॅम साखर पोटात जाते. आजारात दोन-तीन दिवसांसाठी ही काही मोठी गोष्ट नाही. मात्र ‘नैसर्गिक आहे’ म्हणून तो दिवसातून आठ वेळा द्यायचा नसतो. मधुमेह असलेल्या मुलाला किंवा फ्रुक्टोज पचत नसल्याचे निदान झालेल्या मुलाला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. आधी मध खाऊन अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील तर पुन्हा देऊ नका.

वेळ आणि द्यायची रीत

त्रास आडवे झाल्यावर सर्वांत जास्त होतो, म्हणून मध द्यायची वेळ झोपण्याआधीची. झोपायच्या साधारण अर्धा तास आधी मुलाला सरळ बसवा. आडवे पडलेल्या किंवा रडणाऱ्या मुलाच्या तोंडात घट्ट मध ओतला तर ठसका लागतो. सिरिंज असेल तर टोक गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडा, जिभेच्या मागे थेट घशात नको. चाटत चाटत खाल्ले तर उत्तमच. मग दहा-पंधरा मिनिटे वरून पाणी किंवा दूध देऊ नका. घशावर बसलेला थर लगेच धुऊन गेला तर दिल्याचा अर्थ उरत नाही. ज्या मुलाला घट्ट मध आवडत नाही त्याला तेच माप दोन-तीन चमचे कोमट पाण्यात मिसळून घोट घोट द्या, फक्त मुलाचे तोंड भाजणार नाही इतकेच पाणी गरम असू द्या.

त्यानंतर दात घासायला विसरू नका. आधी दात घासून मग मध देऊन झोपवले तर रात्रभर गोड थर दातांवर राहतो, आणि झोपेत लाळ कमी सुटत असल्याने तो धुऊनही जात नाही. आधी मध, मग वीसेक मिनिटांनी दात घासणे, मग झोप, असा क्रम ठेवा. रात्री दोन वाजता उबळ येऊन मूल उठले तर अजून एकदा तेच माप देता येते, पण नंतर एक घोट पाणी पाजून दात ओल्या स्वच्छ कापडाने पुसा. दिवसा गरज वाटली तर दोन-तीन वेळा पुरे. दिल्या दिल्या मुलाने उलटी केली तर लगेच दुसरे माप भरू नका, तासभर थांबा.

किती फरक पडेल याची अपेक्षा आधीच ठरवून घ्या. २००७ साली दोन ते अठरा वर्षांच्या १०५ मुलांवर आणि २०१२ साली एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर झालेल्या अभ्यासांत झोपण्याआधी एकदा मध दिलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला कमी झाला आणि मुलांची व आईवडिलांची झोप सुधारली, असे पालकांनीच सांगितले. त्याच अभ्यासांत मध न मिळालेली मुलेही दुसऱ्या रात्री बरी होत होती, फक्त थोडी कमी. सर्दी आपोआप उतरते, आणि मध उतरणीच्या काळातली रात्र जरा सुसह्य करतो. एवढेच त्याचे काम. गोडीने लाळ सुटते, घट्टपणाने खरचटलेला घसा झाकला जातो, आणि घशातून मेंदूकडे जाणारी ‘खोकला कर’ ही सूचना काही वेळ मंदावते, असे मानले जाते. म्हणूनच परिणाम काही तासांचा असतो. कोणता मध घ्यावा, गडद की फिका, यावर फार डोके खपवायची गरज नाही. या दुसऱ्या अभ्यासात तीन वेगवेगळ्या फुलांचे मध वापरले होते आणि तिन्हींचा उपयोग झाला.

तान्ह्या बाळाला का नाही

मातीत, धुळीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचे झोपेत गेलेले, कठीण कवचातले रूप. ते खात नाहीत, वाढत नाहीत, पण वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मधमाशी परागकणांबरोबर आणि धुळीबरोबर ते पोळ्यात आणू शकते. मधात पाणी फार थोडे आणि आम्लता जास्त असल्याने तिथे कोणताच जिवाणू वाढत नाही, आणि म्हणूनच मध टिकतो. पण वाढू न देणे वेगळे आणि मारणे वेगळे. बीजाणू मधात नुसते पडून राहतात.

यामुळे ‘आमचा मध शुद्ध आहे’ हे उत्तर इथे कामाचे नाही. भेसळ नसलेला, जंगलातून आणलेला, गाळलेला, जुना, नवा, कोणताही मध असो, बीजाणू असतील तर रंग, वास, चव यांतून काहीच कळत नाही. उकळूनही उपयोग नाही. उकळत्या पाण्याचे १०० अंश तापमान हे बीजाणू सहन करतात. त्यांना मारायला दाबाखाली १२१ अंशांची वाफ लागते, आणि तेवढे तापवले तर मध मध राहत नाही. बेक केलेल्या बिस्किटात मध घातला असला तरी बिस्किटाच्या आतले तापमान तिथवर जात नाही.

मोठ्या माणसाच्या पोटात असे बीजाणू गेले तरी सहसा काही होत नाही. आतड्यात आधीच असंख्य निवासी जिवाणू जागा आणि अन्न धरून बसलेले असतात, नवख्याला तिथे उगवायला वाव मिळत नाही, आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. बाळाच्या मोठ्या आतड्यात ही वस्ती अजून विरळ असते. तिथे बीजाणूला मोकळी, उबदार, हवा नसलेली जागा मिळते. तो उगवतो, जिवाणू वाढतात आणि विष तयार करू लागतात. डबाबंद अन्नातल्या विषबाधेत विष तयार होऊनच पोटात येते, इथे मात्र ते बाळाच्या आतड्यातच बनते. म्हणून एकाच चाटणीतले थोडेसे बीजाणू पुरतात, आणि म्हणूनच ‘थोडाच दिला’ याला अर्थ उरत नाही.

हे विष मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन बसते. मज्जातंतू ज्या रसायनाने स्नायूला हुकूम देतो, ते ॲसिटिलकोलीन सुटणेच बंद होते. स्नायू शाबूत असतो, पण त्याला हुकूम पोचत नाही आणि तो ढिला पडतो. आधी आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून बहुतेक बाळांत पहिली खूण असते बद्धकोष्ठतेची. मग चेहरा आणि घसा: पापण्या खाली येतात, चेहऱ्यावरचे भाव हरवतात, दूध ओढण्याचा जोर कमी होतो, रडणे बारीक, कण्हल्यासारखे होते, लाळ गिळता येत नाही. पुढे मान धरता येत नाही, हातपाय लुळे पडतात, आणि शेवटी श्वासाचे स्नायू. ताप बहुधा नसतो. बाळ जागे असते, फक्त हालचाल करू शकत नाही, त्यामुळे घरच्यांना ते ‘शांत झाले’ असे वाटू शकते. ही या आजाराची सर्वांत फसवी बाजू आहे.

तान्ह्या बाळांमधला हा आजार १९७६ साली स्वतंत्रपणे ओळखला गेला. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांच्या आतले असतात, एक वर्षानंतर तो क्वचितच दिसतो, कारण तोवर वरचे अन्न सुरू होऊन आतड्यातली वस्ती दाट झालेली असते. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी धोका आणि दुसऱ्या दिवशी शून्य, असे शरीरात घडत नाही. बारा महिन्यांची रेघ थोडी सुरक्षित अंतरावर ओढलेली आहे, एवढेच. हेही खरे की बहुतेक रुग्णांत मध कारण नसतो, बीजाणू हवेतल्या धुळीतून येतात. धूळ पूर्ण थांबवता येत नाही. मध थांबवता येतो, आणि बाळाला त्याची काहीच गरज नसते.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतः मध खाल्ला तर हरकत नाही. बीजाणू तिच्या दुधात उतरत नाहीत. मात्र मधाचे हात धुऊन मगच बाळाला घ्यावे.

चुकून दिला गेला असेल तर

उलटी करवू नका, जुलाबाचे औषध देऊ नका. तारीख, किती दिला आणि कोणता, हे लिहून ठेवा आणि बाळाच्या डॉक्टरांना फोन करा. एकदा चाटलेल्या बहुतेक बाळांना काहीही होत नाही, पण लक्षणे तीन दिवसांपासून तीस दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात, म्हणून महिनाभर नजर ठेवायची. अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शी न होणे हे एरवीही घडते, त्यामुळे एकटी बद्धकोष्ठता पाहून घाबरू नका. तिच्याबरोबर ओढ कमी झाली, रडणे बारीक झाले, पापण्या जड वाटल्या किंवा मान ढिली पडली, तर त्याच तासाला रुग्णालयात न्या आणि ‘मध दिला होता’ हे न लाजता पहिल्याच वाक्यात सांगा. त्या एका वाक्याने डॉक्टरांची दिशा बदलते. या आजारात जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके स्नायूंचा ढिलेपणा वाढवतात, तर मानवी प्रतिपिंडांपासून बनवलेले खास औषध लवकर मिळाले तर रुग्णालयातले दिवस कमी होतात. वेळेवर श्वासाला आधार मिळाला तर बहुतेक बाळे पूर्ण बरी होतात, पण त्याला आठवडे लागतात.

एकाच घरात दोन मुले

समजा, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि नऊ महिन्यांची त्याची बहीण, दोघांनाही तीन दिवस सर्दी आहे. मुलाला ताप नाही, दिवसा खेळतो, झोपेत मोजलेला श्वास मिनिटाला २८. त्याला साडेआठला बसवून अडीच मिलिलिटर मध, पावणेनऊपर्यंत पाणी नाही, आठ पन्नासला दात, नऊला झोप. पहाटे उबळ आली तर आणखी अडीच. असे तीन रात्री चालवून बघायचे.

बहिणीचा श्वास ४२, म्हणजे पन्नासच्या आत, दूध पिते आहे. तिला यातले काहीच नाही. तिच्यासाठी नाक मोकळे करणे हाच मुख्य उपाय: दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब एक-दोन, मग मऊ रबरी फुग्याने हळूच ओढून काढणे. दूध थोडे थोडे पण जास्त वेळा. सहा महिने पूर्ण झालेले असल्याने मधेमधे कोमट पाण्याचे काही चमचे चालतात. घरात धूर नको. ती तीन महिन्यांच्या आतली असती तर खोकला दिसताच डॉक्टरांकडे न्यावे लागले असते, कारण इतक्या लहान बाळाचे दुखणे झपाट्याने वाढते.

अशा घरात चूक होते ती मोठ्यांच्या नियमापेक्षा लहानांच्या मायेमुळे. भाऊ स्वतःचा चिकट चमचा बहिणीच्या तोंडाला लावतो, ‘तिलाही खोकला आहे ना’ म्हणत. त्यामुळे मुलाचा मध एका ठिकाणी बसून, मोठ्या माणसाच्या हाताने द्या, सिरिंज लगेच गरम पाणी आणि साबणाने धुवा, मुलाचे तोंड-हात पुसा, बाटली उंच फळीवर ठेवा. बाळ सांभाळणाऱ्या आजी, आत्या, शेजारणी सगळ्यांना ‘वर्षाच्या आत मध नाही’ हे आधीच सांगून ठेवा. खोकला ऐकून प्रेमाने चाटवणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

तीन रात्रींनंतर मुलाचा खोकला ओसरत असेल तर मध थांबवा. हळूहळू कमी करत आणण्यासारखे त्यात काही नाही. सर्दीचा खोकला दोन आठवडेही रेंगाळू शकतो, तो कमी होत असेल तर चालेल. दोन आठवड्यांपुढे गेला, तीन दिवसांहून जास्त ताप राहिला, रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, किंवा उबळीच्या शेवटी ‘हूप’ असा आवाज येऊन उलटी होऊ लागली, तर मुलाला तपासून घ्या आणि किती दिवस मध दिला तेही सांगा.